दोन ओळींचे कार्ड

«फ्रेंच मैत्रिणीला वाढदिवसाचं कार्ड पाठवायचंय. दोनच ओळी लिहायच्या, त्यात एवढा विचार कसला करायचा? भावना पोचल्या की झालं ना?»

भावना पोचतातच, पण कोणत्या पोचतात हे शब्द ठरवतात, आणि हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

माझी मैत्रीण ल्योंची. दोन वर्षे ती कोथरूडला आमच्या शेजारी राहिली आणि मग परत गेली. तिच्या पहिल्या वाढदिवसाला मी मोठ्या उमाळ्याने कार्ड लिहिले आणि शेवटी «ज त मांक» अशी ओळ घातली. «मला तुझी फार उणीव भासते» असे मला म्हणायचे होते. प्रत्यक्षात मी लिहिले होते, «तुला माझी उणीव भासते.» ते वर्ष तिला फार जड गेले होते, घरात आजारपण होते, आणि त्यात माझ्याकडून आलेले हे वाक्य तिला टोमण्यासारखे वाटले, आपण वेळेवर पत्र लिहीत नाही म्हणून ही आपल्याला सुनावते आहे, असे तिने धरून घेतले. पुढे तीन महिने तिचे उत्तर आले नाही.

चूक कुठे झाली ते पाहिले तेव्हा मला सर्वांत जास्त वाईट एका गोष्टीचे वाटले. या क्रियापदाची रचना फ्रेंचमध्ये अगदी मराठीसारखी आहे. जो माणूस जवळ नाही तो कर्ता, आणि ज्याला ते जाणवते तो «ला» लागलेला: तू मला उणी पडतेस, «त्यू म मांक». मी मराठीतून सरळ गेले असते तर चुकले नसते. पण शाळेपासून मुरलेले «आय मिस यू» मधे आले, मी तिथला «मी» कर्ता म्हणून उचलला आणि वाक्य उलटे झाले. क्रियापदाचा उच्चार दोन्हीकडे सारखाच आहे, «त्यू» बरोबर शेवटी येणारे अक्षर उच्चारले जात नाही, त्यामुळे मोठ्याने वाचून पाहिले तरी कानाला खटकत नाही. सर्वनामे कोणत्या क्रमाने आली आहेत एवढेच तपासायचे असते.

इथे मी थांबले असते तर बरे झाले असते. पण पुढल्या वर्षी आता काहीही चुकू द्यायचे नाही असे ठरवून मी पत्रलेखनाचे एक पुस्तक घेतले आणि त्यातल्या नमुन्यावरून अख्खे कार्ड बेतले. मैत्रीण माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आपल्याकडे मोठ्या माणसाला «अहो-जाहो» करतात, तेव्हा मी «त्यू» सोडून «व्हू» वापरले, आणि कार्यालयीन पत्राच्या शेवटी असतात तशा मनःपूर्वक शुभेच्छा स्वीकाराव्यात अशी विनंती केली. व्याकरणाची एकही चूक त्यात नव्हती. कार्ड मिळाले त्या संध्याकाळी तिचा फोन आला, आणि तिने पहिलाच प्रश्न विचारला, «मी तुझं काय बिघडवलं?» तिच्या स्वयंपाकघरात बसून कांदे चिरताना आम्ही तीन वर्षांपूर्वीच «त्यू» वर आलो होतो. फ्रेंचमध्ये एकदा «त्यू» वर आलेले माणूस परत «व्हू» म्हणू लागले तर तो आदर राहत नाही. दार लावून घेतल्यासारखे असते ते. मी आदर दाखवला असे मला वाटत होते आणि तिच्या दृष्टीने मी तिला परकी करून टाकली होती. पहिल्या कार्डाने ती नुसती रुसली होती, या दुसऱ्या कार्डाने मात्र ती फोनवर रडली. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

तेव्हा «बरोबर लिहा» असे मी सांगते त्याचा अर्थ पुस्तकी लिहा असा नाही, आणि «मैत्रीत सगळं चालतं» असे मी पूर्वी छातीठोकपणे म्हणत असे तेही मला आता म्हणवत नाही.

विचारणाऱ्यांना मी जे कार्ड देते ते असे आहे. मजकुराच्या आधी «मा शेर» आणि तिचे नाव. मित्र असेल तर «मों शेर», आणि «शेर» ऐकायला सारखे असले तरी लिहिताना स्त्रीसाठी त्यावर चिन्ह आणि शेवटी एक जादा अक्षर येते. मग «ज त सुएत अं त्रे बेलानिव्हेर्सेर», म्हणजे तुझा वाढदिवस फार सुंदर जावो. «बॉन आनिव्हेर्सेर» ही बरोबरच आहे, पण ते सगळेच लिहितात. «बॉन फेत» मात्र माणूस कुठला आहे ते पाहून लिहावे: क्वेबेकमध्ये वाढदिवसाला तेच म्हणतात, फ्रान्समध्ये ते संताच्या नावाच्या दिवशी म्हणतात.

त्यानंतरची ओळ, «तों आमित्ये मे प्रेस्यूझ», तुझी मैत्री मला मोलाची आहे. मैत्री हा शब्द फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी आहे, म्हणून शब्दकोश पाहून लिहिणारी माणसे हमखास «ता» लिहितात. पण पुढे स्वर आला की पुल्लिंगी «तों» घ्यावा लागतो. दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून आपण संधी करतो, तशीच ही सोय आहे. आणि मग, खरेच तसे वाटत असेल तर, «त्यू म मांक».

शेवट «ज तांब्रास» असा. इथे बायका संकोचतात, कारण शब्दशः ते «मी तुझे चुंबन घेते» असे होते. मूळ शब्दात बाहू आहेत, जुना अर्थ कवेत घेणे असा होता, आणि पत्राच्या शेवटी स्नेह्यासोयऱ्यांत ते सर्रास लिहितात. आपण «सा. न. वि. वि.» लिहितो तेव्हा पत्रासमोर साष्टांग आडवे कुठे होतो? वरिष्ठांना ते लिहू नये, मैत्रिणीला अवश्य लिहावे. तिथे «कॉर्दियालमां» लिहिलेत तर कार्ड बँकेतून आल्यासारखे वाटेल. उद्गारचिन्ह दिलेत तर फ्रान्समध्ये त्याआधी थोडी जागा सोडतात, एवढ्याशा गोष्टीनेही वाचणाऱ्याला घरचे वाटते.

«तू मला फार आवडतेस» याचे काय, असे हमखास विचारले जाते. «ज तेम» एकटे लिहिले तर ते प्रेमाचे वाक्य होते. त्यापुढे «ब्यँ» जोडले, ज्याचा अर्थ «चांगले», तर जोर वाढायचा तो उलट कमी होतो; प्रेमाला नकार देतानाही हेच «ज तेम ब्यँ» म्हणतात. म्हणून कार्डात ते नको, असे मी कित्येक वर्षे सांगत आले. परंतु हल्ली तिच्या मुलीच्या वयाच्या मैत्रिणी एकमेकींना नुसते «ज तेम» बिनधास्त लिहितात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. गेल्या वर्षी माझ्या वाढदिवसाला ल्योंहून आलेल्या कार्डाच्या शेवटी, «ज तांब्रास» च्या खाली, तेच दोन शब्द होते, पुढे «ब्यँ» नव्हते. तिचा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे. कार्ड आणून ठेवले आहे, वरच्या ओळी लिहून झाल्या आहेत, आणि खालची जागा मी अजून मोकळी ठेवली आहे.