बटाट्या मारुती आणि तलावांचं शहर

तीन आठवड्यांच्या सुट्टीवर अमेरिकेहून पुण्यात आले आहे. रोज सकाळी काकूबरोबर सारसबागेत जाते. परवा देवळाच्या पायऱ्या उतरताना तिने विचारलं, "तुमच्या मिनियापोलिसला तिकडे काय म्हणतात गं? आपल्याकडे कसं विद्येचं माहेरघर म्हणतात, तसं?"

"तलावांचं शहर म्हणतात."

काकू जागच्या जागी थांबली. तिचं माहेर ठाण्याचं, मासुंदा तलावापासून हाकेच्या अंतरावरचं. "तलावांचं शहर म्हणजे ठाणं," ती म्हणाली. "ते कसं काय तुमचं झालं?"

तिचा मुद्दा खरा होता. ठाणं तलावांचं शहर आहे, उदयपूर आहे, भोपाळही आहे. मी नऊ वर्षं राहते ते मिनियापोलिसही त्याच रांगेतलं. एक बिरूद चार गावांना चालत असेल तर त्याने गावाची ओळख पटते म्हणजे नक्की काय होतं, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात घोळतोय. याचं उत्तर शोधायला पुण्यापेक्षा चांगली जागा नाही असं मला मनापासून वाटतं, कारण बिरुदं चिकटवण्याची पुण्याइतकी सवय क्वचितच कुठल्या गावाला असेल.

आम्ही उभ्या होतो तिथूनच सुरुवात करते. सारसबागेतल्या सिद्धिविनायकाला सगळं पुणं तळ्यातला गणपती म्हणतं. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी तळं करवलं आणि त्यात मधोमध बेट राखलं. पुढे त्या बेटावर हा गणपती आला. ते मोठं तळं आज नाही, त्या जागी बाग आहे. देवळाभोवती कमळांचं थोडं पाणी तेवढं उरलंय. तळं गेलं तरी गणपती तळ्यातलाच राहिला.

शनिवारवाड्यासमोरचा बटाट्या मारुती त्याहून बोलका. शहराची भाजीमंडई पूर्वी शनिवारवाड्याच्या पटांगणात भरायची आणि मारुतीजवळ बटाटे विकणारे बसायचे. १८८६ साली आजच्या महात्मा फुले मंडईची इमारत उभी राहिली, तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं, आणि बाजार तिकडे हलला. म्हणजे मारुतीसमोरचे बटाटे उठून जवळजवळ एकशे चाळीस वर्षं झाली, नाव मात्र जागचं हललं नाही. पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, दाढीवाला दत्त ही सगळी त्याच घरातली भावंडं.

ही नावं एवढी टिकली, कारण त्यांना काम होतं. पुण्यात मारुती एक नाही, पेठेपेठेत आहेत. "मारुतीपाशी भेटू" असं सांगितलं तर माणूस भलतीकडे जाऊन उभा राहील. म्हणून समोर जे दिसेल ते धरून नाव पडलं: बटाटे, जिलब्या, छपराचा पत्रा. पुढे बटाटे दिसेनासे झाले तरी कितवा मारुती हे सांगायची गरज संपली नाही, म्हणून नावही संपलं नाही. चिकटलेल्या विशेषणाचं आजही खरं असणं आवश्यक नसतं. त्याने एकाला दुसऱ्यापासून वेगळं करणं आवश्यक असतं.

आता हीच कसोटी मिनियापोलिसला लावून बघते.

त्या गावाला आधी दुसरं बिरूद होतं, गिरण्यांचं शहर. या गिरण्या कापडाच्या नव्हेत, पिठाच्या. मिसिसिपी नदीवर तिथे सेंट अँथनी नावाचा धबधबा आहे. त्याच्या पाण्याच्या जोरावर नदीकाठी पिठाच्या प्रचंड गिरण्या उभ्या राहिल्या, आणि १८८० ते १९३० या पन्नास वर्षांत जगात सगळ्यात जास्त पीठ इथे दळलं जात होतं. १८७८ मध्ये वॉशबर्न नावाच्या गिरणीत हवेत उडालेल्या पिठाचा स्फोट होऊन १८ कामगार मेले. पीठ हवेत दाट मिसळलं आणि ठिणगी पडली तर ते बंदुकीच्या दारूसारखं पेटतं. त्या गिरणीच्या जागी नवी बांधली, ती १९९१ साली जळाली, आणि तिच्या भग्न भिंतींच्या आत आता संग्रहालय आहे. काका पहिल्यांदा तिकडे आले तेव्हा त्यांना मी आधी तेच दाखवलं होतं.

पुढे दळणाचा धंदा दुसऱ्या गावांकडे सरकला, गिरण्या बंद पडत गेल्या, आणि गिरण्यांचं शहर हे नाव मुख्यतः संग्रहालयाच्या पाटीवर आणि इतिहासात उरलं. मंडई हलल्यावर बटाट्या मारुतीचं नाव राहिलं, मग गिरण्या गेल्यावर यांचं का गेलं? मला दिसणारं कारण असं की या गावाला जुळा भाऊ आहे. नदीपलीकडे सेंट पॉल, राज्याची राजधानी. दोन्ही मिळून जुळी शहरं म्हणवतात आणि बाहेरच्या माणसाला त्यांतला फरक सांगता येत नाही. पुणं आणि पिंपरी-चिंचवड यांच्यासारखंच समजा. वर्तमानपत्रात "उद्योगनगरी" वाचलं की ते पिंपरी-चिंचवडबद्दल आहे हे आपल्याला आपोआप कळतं आणि "विद्येचं माहेरघर" वाचलं की पुणं. मिनियापोलिसलाही जुळ्यापासून वेगळं करणारी खूण हवीच होती, पण बंद पडलेल्या गिरण्या कुणाच्या नजरेत राहिल्या नाहीत. तळी मात्र रोज दिसत होती. सेंट पॉलमध्येही तळी आहेत, पण अशी एकाला एक लागून आणि वस्तीच्या मधोमध नाहीत.

पण ही तळी जशी दिसतात तशी निसर्गाने ठेवलेली नाहीत, हे मला तिथे चार वर्षं राहिल्यावर कळलं. १८८३ साली शहराने उद्यानांसाठी स्वतंत्र मंडळ नेमलं आणि त्या मंडळाने तळ्यांकाठच्या जमिनी ताब्यात घ्यायला सुरुवात केली. म्हणून आज तिथल्या बहुतेक मोठ्या तळ्यांच्या काठाला खाजगी बंगल्यांची कुंपणं नाहीत. पाण्याला लागून पायवाट, मग रस्ता, आणि घरं रस्त्यापलीकडे. मी राहते तिथून जवळ लेक ऑफ द आयल्स म्हणून तळं आहे, बेटांचं तळं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्याचा बराच भाग दलदल होता. गाळ उपसून पाणी खोल केलं, तोच गाळ काठावर टाकून जमीन केली. या खटाटोपात चार बेटांपैकी दोनच बेटं शिल्लक राहिली. १९११ मध्ये ते तळं शेजारच्या मोठ्या तळ्याला कालव्याने जोडलं, तेव्हा शहराने आठवडाभर उत्सव केला.

म्हणजे नावाला शोभेल असं गाव इथे माणसांनी घडवलं. हे सांगितल्यावर काकू म्हणाली, "आमच्याकडे उलटं. नाव तलावांचं आणि एकेक तलाव बुजत गेला." तिला त्याचं खरंच वाईट वाटतं. मलाही वाटतं. तलावाच्या काठावर कुणाचाही खाजगी हक्क चालतो असं ठरलं की तलाव अरुंद होत जातो. काठ सगळ्यांचा आहे असं वेळेवर ठरलं की तो राहतो.

शहरापलीकडे सगळं मिनेसोटा राज्यच "दहा हजार तळ्यांचा प्रदेश" म्हणवतं. १९५० पासून गाड्यांच्या नंबरप्लेटवर हे छापलेलं असतं. प्रत्यक्षात दहा एकर किंवा त्याहून मोठी तळी राज्याच्या मोजणीप्रमाणे ११,८४२ आहेत. दहा एकर म्हणजे आपल्या हिशेबाने चारशे गुंठे. त्याहून लहान डबकी धरली तर आकडा वाढेल, मर्यादा वर नेली तर घटेल. तरी कुणी प्लेट बदलून अकरा हजार आठशे बेचाळीस छापत नाही, आणि ते बरोबरच आहे. बिरुदातला आकडा जिभेवर बसणारा लागतो. आपण तरी तेहतीस कोटी देव मोजायला कुठे बसतो?

नंबरप्लेटवरून दुसरी गोष्ट लक्षात आली. काम असलं तरी बिरुदाला वाहन लागतं. संत्रानगरी, करवीरनगरी, पुण्यनगरी हे शब्द जिवंत ठेवण्यात बातमी लिहिणाऱ्यांचा मोठा वाटा आहे. पहिल्या ओळीत "नागपूर" लिहून झालं की दुसऱ्या ओळीत तेच पुन्हा नको, म्हणून "संत्रानगरीत". आटोपशीर सामासिक शब्द या जागेत नेमका बसतो. "सायकलींचं शहर" तसं बसत नाही. पुण्याला एके काळी खरोखर सायकलींचं शहर म्हणत, पण ते बिरूद वाहून नेणारं काही नव्हतं. सायकलींच्या जागी स्कूटर आल्या आणि आता वडीलधारे आठवण काढतात तेवढंच.

वाहन मिळालं की मात्र बिरूद मूळ गावही सोडतं. मिनियापोलिसमध्ये १९४७ साली बास्केटबॉलचा संघ आला. त्याचं नाव तळ्यांवरून लेकर्स ठेवलं. १९६० मध्ये संघ लॉस एंजेलिसला गेला आणि नाव बरोबर घेऊन गेला. आज जगभर लेकर्स म्हटलं की लॉस एंजेलिस आठवतं, आणि हे नाव कुठल्या तळ्यांचं हे फारसं कुणी विचारत नाही.

काकूला हे पटेना. "नाव असं कसं उचलून नेतील?" मी म्हटलं, "तू मुंबईला कशाने जायचीस?"

"डेक्कन क्वीनने. म्हणजे काय?"

"राणी कोण मग, गाडी का पुणं?"

दख्खनची राणी हे पुण्याचं बिरूद होतं आणि त्यावरून १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या गाडीचं नाव पडलं. आज दख्खनची राणी म्हटलं की पुणेकराच्या डोळ्यांसमोर गाडीच येते. दर १ जूनला स्टेशनवर वाढदिवस होतो तोही तिचाच. काकू ज्या राणीने कितीतरी वर्षं माहेरी गेली, ते तिच्या सासरचंच जुनं नाव होतं, आणि ठाणं-पुणं वादात हा मुद्दा निघेल असं तिला अजिबात वाटलं नव्हतं.

परतताना तिला कसबा पेठेत एक काम होतं. रिक्षात बसत ती म्हणाली, "बटाट्या मारुतीवरून घ्या." चालवणारा मुलगा विशीतला असेल. त्याने मान हलवली आणि मीटर टाकलं.