गाणं सोडून गणित का?

"तुमचा आवाज इतका छान आहे, मग गाणं किंवा फोनवरचं एखादं काम सोडून गणिताच्या शिकवण्या कशा काय? आणि मूल काय लिहितंय ते तुम्हाला कळतं तरी कसं?"

गाण्याचं उत्तर सोपं आहे. बोलण्याचा आवाज वेगळा आणि गळा वेगळा. माझ्याकडे पहिला आहे, दुसरा नाही. अंध बाई म्हटलं की ती गातच असणार, हे लोकांनी परस्पर ठरवून टाकलेलं असतं, त्याला माझा इलाज नाही.

फोनवरच्या कामाचा मात्र मी खरोखर विचार केला होता. मला उजेड आणि मोठे आकार कळतात, अक्षरं दिसत नाहीत. त्यामुळे संगणकावरचं सगळं काम स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर चालतं. मी एनव्हीडीए वापरते. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने 2006 मध्ये तो लिहायला घेतला, आणि तो फुकट मिळतो. एखादं काम आपल्याला जमेल का हे बघताना बहुतेक जण एवढंच विचारतात, की तिथलं सॉफ्टवेअर स्क्रीन रीडरवर चालतं का. ते विचारायलाच हवं, पण तेवढ्याने भागत नाही. मी आणखी एक गोष्ट बघते: समोरचा माणूस बोलत असताना मला त्याच क्षणी मशीनही ऐकावं लागणार आहे का?

ग्राहक सेवेच्या कामात नेमकं तेच असतं. ग्राहक तक्रार सांगत असतो आणि ते ऐकता ऐकताच त्याचं खातं उघडून जुन्या नोंदी वाचायच्या असतात. डोळस माणूस कानाने ऐकतो आणि डोळ्यांनी वाचतो. माझं ऐकणं आणि वाचणं दोन्ही कानांतूनच होतं. एका कानात ग्राहक आणि दुसऱ्या कानात मशीन अशी सोय करता येते, पण कान दोन असले तरी अर्थ लावणारं डोकं एकच. हे काम सफाईने करणारे लोक मला माहीत आहेत. ते मशीनचा वेग भरपूर वाढवतात आणि ग्राहक श्वास घेईल तेवढ्यात एक ओळ ऐकून घेतात. मला दिवसभर तसं जगायचं नव्हतं.

याच कसोटीवर गाण्याची शिकवणी फार चांगली ठरते, कारण तासाभरात मशीनला तोंड उघडावंच लागत नाही. माझी एक मैत्रीण ऑनलाइन गाणं शिकवते. तिची अडचण वेगळीच आहे. आवाज इंटरनेटवरून पोचायला वेळ लागतो, त्यामुळे शिष्येबरोबर एकत्र गाता येत नाही, आणि तानपुरा शिष्येच्याच बाजूला लावावा लागतो. तो लावला तरी झूम त्या सलग सुराला पंख्याच्या घरघरीसारखा गोंगाट समजून गाळून टाकतं. त्यासाठी सेटिंगमधलं `Original sound for musicians` दोन्हीकडे चालू करावं लागतं. एवढं केलं की मग कानाला दुसरं काम नसतं.

बीजगणित या दोन टोकांच्या मध्ये बसतं. मशीनची गरज असते, पण सतत नसते. मूल उदाहरण सोडवताना गप्प असतं, तेव्हा मी वाचू शकते. मूल समजावून सांगतं तेव्हा मशीन गप्प राहू शकतं. शिवाय बीजगणित ओळीओळीने पुढे जातं, आणि ओळ टाइप करता येते. म्हणून गणित, आणि गणितातलंही मुख्यतः हेच.

आता मूल काय लिहितंय ते कसं कळतं, ते सांगते. वहीचा फोटो पाठवला तर माझ्या काही उपयोगाचा नाही. मुलाने स्वतःचा पडदा शेअर केला तरीही नाही, कारण शेअर केलेला पडदा माझ्याकडे चित्र म्हणून येतो आणि त्यात एनव्हीडीएला वाचायला अक्षरंच सापडत नाहीत. हे पालकांना पटवायला वेळ लागतो. म्हणून आम्ही दोघं एकाच ऑनलाइन दस्तऐवजात लिहितो. गूगल डॉक्समध्ये `Ctrl+Alt+Z` दाबून स्क्रीन रीडरचा आधार चालू केला की बाणाच्या कळांनी एकेक ओळ ऐकता येते. मुलाला मी एवढंच शिकवते, की प्रत्येक पायरी नव्या ओळीवर लिहायची, घाताला `^` वापरायचा आणि अपूर्णांकाच्या अंशाला नि छेदाला कंस घालायचाच.

खरी गोम पुढे आहे. नववीतल्या एका मुलीने लिहिलेली ही ओळ बघा:

```
5-(x-2) = 5-x-2
```

चूक नेहमीचीच आहे. कंसाबाहेर वजा असताना आतलं चिन्ह बदललं नाही. बरोबर उत्तर `7-x`, तिचं आलं `3-x`. डोळ्यांना हे लगेच दिसतं. पण एनव्हीडीए नवीन टाकल्यावर विरामचिन्हांची पातळी `some` अशी असते. त्या पातळीवर अधिक आणि बरोबरची चिन्हं बोलली जातात, मात्र कंस आणि दोन अक्षरांमधली आडवी रेघ बहुधा गाळली जाते. कारण सरळ आहे: रोजच्या मजकुरात प्रत्येक कंस आणि प्रत्येक जोडरेघ ऐकायला लागली तर माणूस वैतागेल. गणितात मात्र याचा अर्थ असा, की वरच्या ओळीच्या दोन्ही बाजू सारख्याच ऐकू येतात: पाच, एक्स, दोन, बरोबर, पाच, एक्स, दोन. चूक पडद्यावर ढळढळीत असते आणि कानाला ऐकू येते ती बिनचूक ओळ.

उपाय आहे. `NVDA+P`, म्हणजे सहसा `Insert` धरून `P`, दाबत गेलं की पातळी बदलते, `all` वर आणली की प्रत्येक चिन्ह बोललं जातं. पण दर तासाला हे आठवणीने करण्यात अर्थ नाही. एनव्हीडीएमध्ये एखाद्या प्रोग्रॅमपुरती वेगळी सेटिंग साठवता येते, तिला कॉन्फिगरेशन प्रोफाइल म्हणतात. मी शिकवणीसाठी एक वेगळा ब्राउझरच ठेवलाय. तो उघडला की सगळी चिन्हं बोलली जातात आणि बोलण्याचा वेगही कमी होतो. बातम्या मी ज्या वेगाने ऐकते, त्या वेगात वजा कधी येऊन गेला ते कळणार नाही. शेजारच्या ब्राउझरमध्ये माझा नेहमीचा सुसाट वेग तसाच राहतो.

एक सेटिंग मात्र मी मुद्दाम बंद ठेवते, ती ऑडिओ डकिंगची. ती चालू असली की मशीन बोलताना बाकीचे आवाज खाली जातात. एरवी सोयीची आहे, पण शिकवताना खाली जातो तो मुलाचा आवाज. मूल हळूच "मॅडम, थांबा, चुकलं वाटतं" म्हणतं, आणि नेमकं तेच बुडतं. `NVDA+Shift+D` ने ती बदलता येते. आणि मूल बोलायला लागलं की माझं बोट आधी `Ctrl` वर जातं, मशीन तत्काळ गप्प होतं. एनव्हीडीएचा आवाज मुलाला ऐकू जाऊ नये म्हणून हेडफोन लागतातच. पडदा शेअर करताना त्याबरोबर संगणकाचा आवाज पाठवण्याचा पर्याय निवडला, तर हेडफोन असूनही मशीनची बडबड पलीकडे पोचते, तो पर्याय तेवढा टाळायचा.

त्या मुलीच्या ओळीकडे परत येते. मशीनने ओळ चिन्हांसकट वाचली, चूक मला कळली. तरी मी ती लगेच सांगत नाही. तिलाच ओळ मोठ्याने वाचायला लावते. आमच्यात वाचायची पद्धत ठरलेली आहे: "पाच वजा, कंस सुरू, एक्स वजा दोन, कंस बंद." ही कल्पना माझी नाही. अब्राहम नेमेथ नावाचे अमेरिकेतले अंध गणितज्ञ होते. गणितासाठीची ब्रेल लिपी त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांना दुसऱ्यांकडून गणित वाचून घ्यावं लागे, म्हणून कंस कुठे सुरू झाला, अपूर्णांक कुठे संपला हे बोलूनच स्पष्ट होईल अशी वाचनाची रीतही त्यांनी बसवली. "पाच वजा एक्स वजा दोन" असं कोणी नुसतं म्हटलं तर कंस होता की नव्हता, हे कोणालाच कळणार नाही, डोळस माणसालाही.

मुलगी "कंस बंद" म्हणाली आणि पुढची बाजू वाचताना अडखळली, पण चूक तिला सापडली नाही. हेही नेहमीचं. मुलं लिहिलेलं न वाचता मनात होतं ते वाचतात, म्हणून नुसत्या त्यांच्या वाचण्यावर मी विसंबत नाही, मशीनकडून ऐकतेच. मग मी म्हटलं, "एक्सच्या जागी एक घाल." डावीकडे कंसात उणे एक, पाचमधून उणे एक वजा केला, सहा. उजवीकडे पाच वजा एक वजा दोन, आले दोन. "मॅडम, जुळत नाही," ती म्हणाली. कुठे जुळत नाही ते शोधायला तिला मिनिटभर पुरलं, आणि त्या मिनिटात मला पुढचं उदाहरण ऐकून घेता आलं.

ब्रेल डिस्प्ले असेल तर यातली बरीच ओढाताण वाचते. ओळ बोटांखाली येते आणि कान पूर्णपणे मुलाकडे राहतात. माझ्या मते या कामाला तेच सर्वांत योग्य साधन आहे. पण ते महाग असतं, आणि माझ्यासारख्या उशिरा दृष्टी गेलेल्यांचा ब्रेल वाचण्याचा वेगही यथातथाच असतो, त्यामुळे माझं काम अजून कानांवरच आहे.

भूमिती मी घेत नाही. आकृतीवर बोट ठेवून "हा कोन" म्हणणारं मूल आणि मी, आमचं जमत नाही, आणि आकृतीचं शब्दांत वर्णन करून घेण्यात अर्धा तास जातो. रेषीय समीकरणांचा आलेख मात्र चालतो: रेषा अक्षांना कुठे छेदते ते दोन बिंदू मूल सांगतं, चढ काढतं, आणि बिंदू नि चढ दोन्ही समीकरणाशी जुळले की आलेख बरोबर. वर्तुळं आणि त्रिकोण यांसाठी दुसरे शिक्षक बघा, असं मी पालकांना पहिल्याच फोनवर सांगून टाकते. काही जण तिथेच फोन ठेवतात. बाकीचे विचारतात, "बरं, पण मग वहीचा फोटो कुठे पाठवायचा?"