दहा मिनिटं

शनिवारपासून ते एकच वाक्य डोक्यात अडकलंय. "असू दे गं, इथली दहा मिनिटं मला माहितीयेत." पार्लरमध्ये आयब्रोला आलेल्या बाई रिसेप्शनवरच्या नव्या मुलीला म्हणाल्या, तेही हसून, आणि पर्स उचलून गेल्या. मी बेसिनपाशी, हात कोपरापर्यंत कलरमध्ये, नळ चालू, तरी नीट ऐकू आलं. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. भांडणाचं मी काहीतरी करू शकते, हसण्याचं काय करायचं?

आणि खरं सांगायचं तर बाईंचं नाही लागलं एवढं. लागलं ते त्याच्या आधीचं. अर्ध्या तासापूर्वी त्या दारातून आल्या तेव्हा नवी मुलगी म्हणाली, "बसा ना, दहाच मिनिटं." अगदी माझ्या सुरात, तो 'च' सुद्धा माझाच. हे मी तिला शिकवलेलं नाही. मी तिला शिकवलं रजिस्टर कसं भरायचं, फोनवर आधी नाव मग नंबर मग काय करायचंय ते विचारायचं, रोज सकाळी सगळ्या अपॉइंटमेंटना आठवणीचा मेसेज टाकायचा. दहा मिनिटं तिने आपली आपण उचलली.

शनिवारचं पान आत्ता समोर घेऊन बसलेय. माझ्या कॉलममध्ये 11 वाजता रूट टचअप. कलर लावायला अर्धा तास, मग 35 मिनिटं तसाच ठेवायचा, म्हणजे 12:05 ला धुवायचा. ती 35 मिनिटं पानावर कोरी दिसतात. माझ्यासाठी ती कोरी नसतात पण ते पानावर कुठं लिहिलंय? आधीची जी मुलगी सोडून गेली तिला सांगावं लागायचं नाही, तिला नुसतं कळायचं. असो.

तर नवीने त्या कोऱ्या जागेत 11:30 चा हेअरकट दिला, वॉशसकट. नुसता कट असता तर बसला असता, मीच देते तसा. पण त्या क्लायंट 11:40 ला आल्या, वॉशला दहा मिनिटं गेली, कटिंगला हात लागला तेव्हा 11:50 झालेले, आणि अर्धं डोकं कापून होतंय तोवर 12:05 चा टायमर वाजला. बेसिन एकच. हेल्पर आत पायांच्या वॅक्समध्ये, 12:15 शिवाय सुटणार नाही. मग काय, कटवाल्या बाईंना ओल्या केसांनी खुर्चीत सोडून मी कलर धुवायला पळाले. आणि कलर धुणं म्हणजे शॅम्पू नाही, आधी थोडं पाणी घेऊन तो मुळाशी चोळून सोडवायचा, मग पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं, मग कंडिशनर, पंधरा मिनिटं जातातच. परत आले तर इकडचे केस अर्धे सुकलेले, पुन्हा स्प्रे मारून ओले केले कारण सुकलेल्या आणि ओल्या केसांची लांबी एकसारखी दिसत नाही आणि मग लाइन तिरकी जाते. तिकडे कलरवाल्या बाई टॉवेल गुंडाळून ड्रायची वाट बघत. सगळ्यांना उशीर, सगळ्या माझ्याकडे बघतायत, मी कात्रीकडे. नशीब रूट टचअपच होतं. हायलाइट्स असते आणि ब्लीच डोक्यावर असताना मी अशी अडकले असते तर... नको तो विचार.

त्या दुपारी मला स्वतःची फार कीव आली. की सगळं मीच बघायचं, हातात ब्रश आणि कान फोनकडे, आणि कोणालाच काही दिसत नाही. मनात तिला दोनतीनदा बोलूनही घेतलं.

संध्याकाळी तिला बोलवलं आणि शांतपणे म्हणलं, हे असं का दिलंस. ती म्हणाली, "ताई, ते रिकामं होतं." मी म्हणलं रिकामं नव्हतं, बाई खुर्चीत बसलेल्या होत्या ना. तर म्हणते, "पण मागच्या आठवड्यात तुम्हीच तिथं कट घेतला होता." घेतला होता. काय बोलणार.

मग पेन्सिल घेऊन बसलो दोघी. माझे हात जिथं अडकलेत ते चौकोन पूर्ण काळे करायचे, आणि नुसती खुर्ची अडकली असेल तिथं तिरक्या रेघा. रेघांच्या जागेत फक्त कोरडा कट किंवा आयब्रो, आणि तेही टायमरच्या पाच मिनिटं आधी संपणारं. ब्लीच असेल तर रेघा नाहीतच, काळंच, कारण ते सारखं फॉइल उघडून बघावं लागतं. आणि कोपऱ्यात बेसिनचा वेगळा कॉलम, एका वेळी एकच नाव. हे तिनेच सुचवलं. इतकी वर्षं मला सुचलं नाही, कारण बेसिनचा कॉलम माझ्या डोक्यात होता आणि डोक्यातलं रजिस्टर कोण वाचणार. फोनवर विचारायचे प्रश्नही वाढवले, केस कुठपर्यंत आहेत, शेवटचा कलर कधी, मेंदी लावता का, कटला वॉश हवा का. लांब दाट केसांना लावायलाच दीडपट वेळ जातो हे तिला माहीत असायचं कारणच नव्हतं.

वॉक-इनचं सगळ्यात शेवटी काढलं. खरं तर टाळत होते. म्हणलं वेळ सांगायच्या आधी आत येऊन बघ, कोणाचं काय चाललंय आणि कोणाचे हात आधी मोकळे होणार, मग त्यात पाच मिनिटं घालून सांग, नंबर लिहून घे, बाहेर जाऊन यायचं तर जाऊ दे. शनिवारी त्या बाई 11:45 ला आल्या. हेल्पर 12:15 ला सुटणार, मग बेड पुसायचा, म्हणजे 35 मिनिटं. एवढा सोपा हिशोब.

"आणि 35 ऐकून गेल्या तर?"

"तर जाऊ दे."

म्हणलं खरं, पण घशात अडकलं. कारण दहा मिनिटं मी घड्याळ बघून कधी सांगितलीच नाहीत. माणूस दारातून परत जाऊ नये म्हणून सांगते, एकदा बसलं की उठत नाही म्हणून. किती वर्षं चाललंय हे. आणि सगळ्यांना माहिती होतं बहुतेक, हसत बसत होत्या बिचाऱ्या. मला वाटायचं मी सांभाळून घेते, आणि सांभाळून त्या घेत होत्या मला. हे लिहिताना आता हसू येतंय थोडं.

आज दुपारी एक नवीन बाई आल्या, आयब्रो आणि अप्परलिप. मुलगी उठली, आत आली, माझ्या हातातला ब्रश बघितला, हेल्परला विचारलं, बाहेर जाऊन म्हणाली, "चाळीस मिनिटं लागतील." बाई दाराकडे वळल्या आणि माझं डोकं आपोआप पडद्याबाहेर गेलं. "अहो बसा ना, दहाच..."

मुलीने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

"दहाच मिनिटं जास्त धरा," मी म्हणलं, "चाळीस नाही, पन्नास."