हुक कुठे अडकवायचा?

आज साइटवर नव्या बावीस मजुरांचं इंडक्शन घेतलं. एक तास, शेवटी पाच प्रश्न. गेल्या खेपेला मी विचारलं होतं, "उंचीवर बेल्ट लावायचा का?" सगळे एका सुरात "हो!" म्हणाले होते. अशा प्रश्नातून काय कळणार, कप्पाळ!

म्हणून या वेळी बोलणं वीस मिनिटांत आटोपलं आणि उरलेला वेळ सेफ्टी बेल्ट हातात दिला. प्रश्नही बदलला: "परांचीवर उभा आहेस, हुक कुठे लावशील? लावून दाखव."

बावीसपैकी नऊ जणांनी पायाजवळच्या आडव्या पाइपला लावला. वाकलं की हाताशी तोच येतो ना! पण बेल्टपासून हुकापर्यंतची दोरी पावणेदोन मीटरची, ती जिथे जोडतात ती पाठीवरची कडी पायापासून दीड मीटर वर. म्हणजे दोरी ताणेपर्यंतच माणूस सव्वातीन मीटर खाली. त्यात झटका कमी करणारा दोरीचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर उलगडतो, तो वेगळाच. पहिल्या स्लॅबवरून तर थेट जमीन. हुक डोक्याच्या वर, पक्क्या आधाराला लावला तर पडणं खूपच कमी होतं.

त्या नऊ जणांना पुन्हा चढवलं. एक काका म्हणाले, "साहेब, बारा वर्षं असंच लावतोय." उद्या सकाळी त्यांना परत विचारणार आहे, न सांगता.