पुण्याचं तापमान, सात दिवसांची सरासरी की पंधरा?

आमच्या कोथरूडच्या गच्चीवर सावलीत कमाल-किमान थर्मामीटर टांगलेला आहे. रोजचं कमाल तापमान मी एक्सेलमध्ये भरतो. आलेख काढला की करवतीचे दाते दिसतात: आज ३५, उद्या ३३, परवा ३६. उन्हाळा खरंच चढतोय का, हे कळायला मूव्हिंग ॲव्हरेज लावायचं ठरवलं. प्रश्न एवढाच उरला की किती दिवसांचं.

सूत्र सोपं आहे. तापमान B रकान्यात असेल, तर C8 मध्ये मागच्या सात दिवसांची सरासरी:

```
=AVERAGE(B2:B8)
```

हीच सरासरी पंधरा दिवसांची केली की रेघ गुळगुळीत होते, आणि नजरेला तीच आवडते. पण ती उशिरा बोलते. तो उशीर किती, हे बघायला मी मुद्दाम एक बनावट मालिका तयार केली: आधी रोज ३७, मग एका दिवशी पाऊस आला आणि त्या दिवसापासून रोज ३०. पुण्यात जूनमध्ये असा उतार दिसतो, फक्त इतका सरळसोट नसतो. पंधरा दिवसांच्या सरासरीत रोज एकच जुना ३७ बाहेर पडतो आणि एक नवा ३० आत येतो, म्हणून ती रोज ७/१५, म्हणजे साधारण ०.४७ अंशांनीच उतरते. अर्धा उतार, म्हणजे ३३.५, ओलांडायला तिला आठवा दिवस उजाडतो आणि ३० वर यायला पंधरावा. पाच दिवसांची सरासरी तिसऱ्याच दिवशी अर्धा उतार पार करते. छत्री शोधून झाली तरी पंधरावाली उन्हाळ्यातच असते!

संथ चढावर हिशोब आणखी सरळ आहे. N दिवसांची मागची सरासरी (N−1)/2 दिवस मागे चालते: सातची तीन दिवस, पंधराची सात, एकतीसची पंधरा. मग अंशांत किती चूक होते? ते चढावर ठरतं. पुण्यात फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कमाल तापमान ढोबळमानाने ३२ वरून ३८ वर जातं, म्हणजे दिवसाला ०.१ अंश. म्हणून या काळात सातची सरासरी ०.३ अंश कमी दाखवते, पंधराची ०.७ आणि एकतीसची तब्बल दीड.

दुसऱ्या पारड्यात चढउतार. माझ्या आकड्यांमधून संथ कल वजा केल्यावर उरलेल्या चढउताराचं प्रमाण विचलन सुमारे १.५ अंश येतं. दिवस एकमेकांपासून स्वतंत्र असते तर सरासरीतला चढउतार १.५ भागिले √N झाला असता: सातसाठी ०.५७, पंधरासाठी ०.३९. उशिराची चूक आणि हा चढउतार यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतलं, तर सातला ०.६४ आणि पंधराला ०.८० येतं. म्हणजे सात जिंकली.

पण तापमानाचे दिवस स्वतंत्र नसतात. आज ढगाळ असेल तर उद्याही बहुधा ढगाळच. लागोपाठच्या दिवसांचा सहसंबंध ०.५ धरला, तर पंधरा दिवसांतून जेमतेम पाच स्वतंत्र दिवसांइतकीच माहिती मिळते. मग दोन्ही सरासऱ्यांचा चढउतार वाढतो आणि तोल लांब खिडकीकडे, म्हणजे जास्त दिवसांच्या सरासरीकडे, झुकतो. याच अंदाजाने सातची एकूण चूक १.०३ अंशांवर जाते आणि पंधराची ०.९७ वर. फरक इतका थोडा, की त्यावरून निवाडा करू नये. मी मार्चच्या चढासाठी अकरा घेतले, कारण याच हिशोबात ते ०.९३ देतात, आणि खरं सांगायचं तर नऊ घेतले असते तरी चाललं असतं.

एक गोष्ट मात्र मला फार उपयोगी वाटली. सरासरी अचानक खाली गेली की आधी जुन्या टोकाकडे बघावं. आज ३४ हे नेहमीचंच तापमान असूनही रेघ उतरते, कारण अकरा दिवसांपूर्वीचा ४० अंशांचा दिवस खिडकीबाहेर पडलेला असतो. त्यात आजच्या हवेचा काही संबंध नाही.

उशीर पूर्ण घालवायचा असेल, तर तीच सरासरी मधल्या दिवसासमोर लिहावी. म्हणजे B2:B8 ची सरासरी C8 ऐवजी C5 मध्ये. सरळ चढावर रेघ मग जागेवर येते. शिखरं मात्र तरीही थोडी बोथट होतात आणि ताज्या तीन दिवसांना सरासरीच मिळत नाही. म्हणून मागचा मार्च आणि यंदाचा मार्च ताडून बघायला मी मधली सरासरी वापरतो, कारण तिथे थांबायला वेळ असतो. पाऊस लागला का, हे बघायला मागची, पाच दिवसांची. मधल्या सरासरीच्या रकान्यातले शेवटचे चौकोन मी रिकामे ठेवतो. उरलेल्या चार ते सहा आकड्यांची सरासरी तिथे भरली, तर नेमकं आलेखाचं टोकच पुन्हा दातेरी होतं.