पायातलं बळ गेलं ते चहानं

एक बाई जोतिबाला गेल्या होत्या. पायऱ्या चढताना गुडघ्यातून पाय गळाले, पुन्हा उठता येईना. घरच्यांनी गाडीत घालून कोल्हापूरला आमच्या कॅज्युअल्टीत आणलं. वय ४२, शुगर, बीपी काही नाही. ईसीजीत टी वेव्ह चपटी झालेली आणि तिच्यामागे यू वेव्ह उठलेली. ही पोटॅशियम घटल्याची खूण. रक्तात ते निघालं २.४. साडेतीनच्या खाली गेलं की आम्ही कमी म्हणतो. इतकं खाली गेलं तर हृदयाचा ठोका कधीही बिघडू शकतो.

"कुठली औषधं चालू आहेत?"
"काही नाही ओ डॉक्टर."

उलट्या नव्हत्या, लघवीची गोळी नव्हती. लघवीतलं पोटॅशियम तपासलं, तेही कमी. म्हणजे किडनी ते धरून ठेवत होती, गळती आतड्यातून होती. जुलाब होतात का विचारलं तर म्हणाल्या, "रोज साफ होतंय की, त्यासाठीच चहा घेतोय." चहा म्हणजे औषध, हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं.

बहिणीनं पाकीट आणलं. आतड्याला वर्षानुवर्षं चिकटलेली घाण काढून वजन उतरवणारा पंधरा दिवसांचा कोर्स. घटकांत बडीशेप, गवती चहा आणि सोनामुखी. काम सगळं सोनामुखीचं. आतड्याच्या भिंतीला घाण चिकटून राहतच नाही, तिचं अस्तर काही दिवसांत नवं येतं. आणि सोनामुखी मोठ्या आतड्यावर चालते. जेवणातली ऊर्जा त्याआधीच लहान आतड्यात शोषलेली असते. उतरतं ते पाणी आणि मळ.

पण बाईंचा कोर्स पंधरा दिवसांत का थांबला नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मोठं आतडं एकदा रिकामं झालं की ते भरायला दोन-तीन दिवस लागतात. तेवढे दिवस शौचाला न होणं साहजिक आहे. त्यांना ती बद्धकोष्ठता वाटली. कोर्स विकणाऱ्या ताईंनी फोनवर सांगितलं, "घाण अजून आहे, दोन पिशव्या घ्या." पुढे जुलाबातून पोटॅशियम जात राहिलं, आणि पोटॅशियम घटलं की आतड्याचे स्नायूही मंदावतात. मग खरीच बद्धकोष्ठता, मग आणखी चहा. असे आठ महिने.

पोटॅशियम सलाइनमधून हळूहळूच द्यावं लागतं, घाईनं दिलं तर हृदय बंद पडू शकतं. मॅग्नेशियमही कमी होतं. ते भरल्याशिवाय पोटॅशियम टिकत नाही. दोन दिवसांत त्या चालायला लागल्या. पुढे दुर्बिणीतून पाहिलं तर मोठ्या आतड्याचं अस्तर तपकिरी-काळं, बेडकाच्या पाठीसारखं ठिपक्याठिपक्यांचं. हा डाग सोनामुखीसारख्या रेचकांचाच. तो कॅन्सर नव्हे, चहा सोडल्यावर काही महिन्यांत जातो.

घरी गेल्यावर दोन किलो वजन परत आलं म्हणून त्या घाबरून आल्या. ते पाणीच होतं, समजावून सांगितलं. उठताना म्हणाल्या, "उरलेली पाकिटं जाऊबाईंना दिलीत." जाऊबाईंना बीपीसाठी लघवीची गोळी चालू, तिच्यानंही पोटॅशियम जातं. मी तिथूनच फोन लावायला सांगितला, चहा बंद करवला आणि रक्त तपासायला बोलावलं. त्यांचं पोटॅशियम ३.१ निघालं.