३४ ते ३८ ब्लाऊज, चौथा नमुना: काखेतली ओढ गेली

सैल करत ३४ चा ३८ पर्यंत वाढवता येईल असा ब्लाऊज नमुन्यांवर नमुने शिवून बसवते आहे. त्यात मागच्या नोंदीत अडलेली काख अखेर सुटली. तिसऱ्या नमुन्यात बाजूंना दीड-दीड इंच माया होती, पण हात वर केला की काखेत चुणी पडून ब्लाऊज वर ओढला जायचा. मायेला कट मारला की चुणी जाते, पण पुढे ब्लाऊज सैल करताना तोच कट नव्या शिवणीवर येतो. म्हणजे माया ठेवून न ठेवल्यासारखी.

दोष मुंढ्याच्या शिवणीत होता. बाही सपाट जोडून मग बाही आणि बाजू एका ओळीत शिवताना मुंढ्याची शिवण मायेच्या टोकापर्यंत जाते. त्यामुळे अंगाची माया आणि बाहीची माया एकमेकींना बांधल्या जातात, आणि काखेच्या कोपऱ्यात दोघींना मोकळं पसरता येत नाही.

म्हणून चौथ्या नमुन्यात मुंढ्याची शिवण बाजूच्या रेघेवरच थांबवली आणि तिथे दोन उलटे टाके घेतले. मग बाहीच्या मोहरीपासून त्या बिंदूपर्यंत एक शिवण, आणि बिंदूपासून कमरेपर्यंत दुसरी. आता अंगाची माया अंगावर, बाहीची बाहीवर सपाट बसते, कट न मारता. बिंदू आधी खडूने नीट काढा. शिवण एक टाका पुढे गेली तर चुणी परत येते, एक टाका आधी थांबली तर काखेत भोक राहतं. कडा जोडण्याआधीच सुट्या-सुट्या ओव्हरलॉक करायला हव्यात, नाहीतर मोकळी माया धुण्यात उसवत जाते.

सैल करताना बाजू आणि बाही उसवायची, मुंढ्याची शिवण अर्धा इंच पुढे न्यायची आणि नव्या रेघेवर बाजू शिवायची. चार कडांचे मिळून छातीला दोन इंच मिळतात, म्हणजे ३४ चा ३६. एकेक इंच सोडला की ३८, तरी आत अर्धा इंच माया उरते. मायेतली मुंढ्याची रेघ मात्र बाजूच्या रेघेला काटकोनात कापलेली हवी. तिरकी कापली तर सैल केल्यावर काखेत टोक निघतं. खांदा आणि गळा यात वाढत नाहीत, त्यामुळे ३८ च्या पुढे जाण्यात अर्थ नाही.

पुढच्या घेणारीसाठी ३६ आणि ३८ च्या दोन्ही रेघांवर पांढऱ्या दोऱ्याचा धावदोरा घातला आहे. उसवायच्या शिवणींना टाका तीन मिलिमीटरचा, बारीक टाका काढताना कापड फाटतं.

हुकांचं म्हणाल तर आपल्या पावसाळ्यात मुलामा दिलेले लोखंडी हुक घेऊच नयेत. मुलामा झिजला की पट्टीवर गंजाचे डाग पडतात आणि ते जात नाहीत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाताना खिशात चुंबक ठेवा. पितळेला तो चिकटत नाही.

आधी हुक अडकवायच्या आकड्यांच्या दोन ओळी थेट पुढच्या पट्टीवर घालायचं ठरलं होतं. पण लिहितानाच वाटतंय, हुकपट्टी वेगळी शिवून वरून जोडली तर झिजल्यावर तेवढीच बदलता येईल. पाचव्या नमुन्यात तेच करते, आकड्यांच्या ओळी त्यानंतर.